जुने प्रश्न आणि ‘एकच प्याला’

साहित्याच्या पेपरात नाटक किंवा कादंबरी नेमलेली असली की प्रश्न साधारणपणे तीन बाजूंनी येतात. एखाद्या पात्राचे स्वभावचित्रण विचारले जाते, कलाकृतीच्या आशयाची चर्चा मागितली जाते, नाहीतर संहितेतले दोन-चार ओळींचे अवतरण देऊन त्याचे ससंदर्भ स्पष्टीकरण करायला सांगितले जाते. मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका गोळा करून या तिन्ही प्रकारांचे प्रश्न एकत्र मांडले, तर परीक्षक संहितेच्या कोणत्या भागाकडे पुन्हा पुन्हा वळतात ते दिसू लागते. मात्र जुन्या प्रश्नांची तयार उत्तरे पाठ करणे आणि जुन्या प्रश्नांवरून संहितेची उजळणी करणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिल्यात श्रम फार आणि गुण बेताचे. दुसरे कसे करावे, हे राम गणेश गडकरी यांच्या ‘एकच प्याला’ या नाटकाच्या आधारे नीट पाहता येते. हे नाटक मराठीच्या अभ्यासक्रमात वेळोवेळी नेमले गेले आहे, आणि त्यातली पात्रे ठसठशीत असल्यामुळे त्यावर प्रश्न काढणेही सोपे जाते.

सुरुवात प्रश्नपत्रिका जमवण्यापासून होते. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जुन्या प्रश्नपत्रिकांचे बांधीव संच बहुधा असतात आणि अनेक विद्यापीठे त्या आपल्या संकेतस्थळावरही ठेवतात. ज्या विद्यापीठात वर्षातून दोन सत्रांत परीक्षा होते तिथे चार वर्षांत आठ प्रश्नपत्रिका हाती येतात, आणि तेवढ्या पुरतात. राहिलेल्या विषयांसाठी होणाऱ्या फेरपरीक्षेची प्रश्नपत्रिकाही संचात घालावी. ती पुष्कळांकडून सुटते, पण बऱ्याचदा काढणारे तेच असतात. जमवताना एक खूण पाहायलाच हवी, ती म्हणजे अभ्यासक्रम कोणत्या वर्षापासून बदलला. अभ्यासक्रम बदलला की प्रश्नांची संख्या, गुणांची विभागणी आणि कधी कधी प्रश्नप्रकारही बदलतात. बदलाआधीच्या प्रश्नपत्रिकेतून नाटकावरचे प्रश्न घ्यायला हरकत नाही, पण किती गुणांना काय येईल याचा अंदाज तिच्यावरून बांधू नये.

यानंतर एका वहीत प्रत्येक प्रश्न शब्दशः उतरवायचा. या पायरीवर कंटाळा केला की पुढचे सगळे काम पोकळ होते. ‘सुधाकरवर प्रश्न आला होता’ एवढीच नोंद ठेवली तर हाती काहीच लागत नाही, कारण प्रश्नाचा जीव त्याच्या क्रियापदात असतो. ‘स्वभावचित्रण करा’, ‘साधार चर्चा करा’, ‘या विधानाचा परामर्श घ्या’, ‘तुम्हांला हे मत मान्य आहे काय ते सकारण लिहा’ या चार मागण्या वेगवेगळ्या आहेत. पहिलीत गुणदोष प्रसंगांसह मांडायचे असतात. दुसरीत प्रत्येक मुद्द्याला संहितेचा आधार लागतो. तिसरीत विधानाच्या दोन्ही बाजू तपासायच्या असतात आणि चौथीत शेवटी स्वतःचा कौल द्यावा लागतो. प्रश्नाशेजारी वर्ष, सत्र, प्रश्नाचा क्रमांक, गुण आणि तो ‘किंवा’ने दुसऱ्या कोणत्या प्रश्नाशी जोडला होता, एवढे लिहावे. ‘किंवा’ची नोंद विशेष कामाची असते. सिंधूवरचा प्रश्न आणि सुधाकरवरचा प्रश्न वारंवार एकमेकांना पर्याय म्हणून येत असतील, तर त्या दोघांपैकी एकाची तरी पक्की तयारी असलेला विद्यार्थी तिथे अडत नाही.

वही भरली की प्रश्न वेगळे काढायचे, आणि इथे पहिली उपयोगी गोष्ट लक्षात येते. वीस-पंचवीस प्रश्न दिसत असले तरी त्यांची कुळे पाच-सहाच असतात. ‘एकच प्याला’वर पुढील धाटणीचे प्रश्न निघतात. सुधाकर शोकात्म नायक ठरतो का? सुधाकरच्या अधःपाताला तळीराम किती जबाबदार? या नाटकातली शोकांतिका स्वभावातून घडते की परिस्थितीतून? हे नाटक मद्यपानाविरुद्धचा प्रचार आहे की एका माणसाच्या नाशाची कथा? वाचताना हे चार प्रश्न वाटतात, पण सगळे एकाच ठिकाणी येऊन थांबतात. सुधाकर पहिला प्याला का घेतो आणि सोडायचे ठरवूनही पुन्हा का पितो, हे ज्याला प्रसंगांसह सांगता येते त्याला चौघांचीही उत्तरे लिहिता येतात. गाईडमध्ये मात्र ही चार स्वतंत्र उत्तरे छापलेली असतात आणि विद्यार्थी चारही पाठ करत बसतो.

म्हणून उजळणीचे एकक ‘प्रश्न’ नव्हे, ‘प्रसंग’ असावे. वहीच्या एका पानावर डाव्या बाजूला नाटकातले निर्णायक प्रसंग एकाखाली एक लिहायचे आणि वरच्या बाजूला प्रश्नांची कुळे. ज्या प्रसंगाचा ज्या कुळाला उपयोग होतो तिथे खूण करायची. ‘एकच प्याला’साठी प्रसंगांची यादी काही लांबलचक होत नाही. हुशार, मानी वकील सुधाकर न्यायालयात मुन्सफाशी खटका उडून सनद गमावतो, तो पहिला. त्या अपमानाच्या तिरीमिरीत असताना त्याचा कारकून तळीराम त्याला दारूची वाट दाखवतो, तो दुसरा. मग आर्यमदिरामंडळाची बैठक. माहेरची मदत नाकारून सिंधू काबाडकष्टाने घर चालवते तो भाग. सुधाकरचा दारू सोडण्याचा निश्चय, कामासाठी दारोदार जाणे, पदरी पडलेला अव्हेर आणि पुन्हा हाती घेतलेला प्याला. तळीरामाचे आजारपण आणि त्याच्या खाटेभोवती वैद्य-डॉक्टरांची ओढाताण. नशेतल्या सुधाकरच्या हातून घडलेला अनर्थ. मरणाच्या दारात असूनही नवऱ्याला वाचवण्यासाठी सिंधूने खोटे सांगणे. आणि सुधाकरचा शेवटचा, विषाचा प्याला. रामलाल, शरद आणि भगीरथ यांचे उपकथानक वेगळ्या ओळीत घालावे.

खुणा करून झाल्यावर तक्ता बरेच काही सांगतो. सुधाकरने निश्चय करूनही पुन्हा प्याला घेण्याचा प्रसंग जवळजवळ प्रत्येक कुळात लागतो. सुधाकरचे स्वभावचित्रण असो, प्रचारकी नाटक की शोकांतिका हा वाद असो, समाजचित्रण असो, इथे आल्याशिवाय उत्तर पुरे होत नाही. उलट आर्यमदिरामंडळाची बैठक विनोदावरच्या प्रश्नात आणि तळीरामावरच्या प्रश्नात महत्त्वाची ठरते, अन्यत्र तिला एखादे वाक्य पुरते. म्हणजे वेळ थोडा असेल तर संहितेतली कोणती पाने पुन्हा वाचायची, हे आता अंदाजावर राहत नाही. उजळणीत बहुतेक जण नाटकाची सुरुवात चांगली वाचतात, शेवटाची गोष्ट त्यांना आठवत असते आणि मधले अंक कच्चे राहतात. तक्त्यातल्या सर्वाधिक खुणा नेमक्या या मधल्या भागात पडतात.

व्यक्तिरेखेचा प्रश्न कसा तयार करायचा हे सिंधूवरून पाहता येईल. तिच्यावर दोन तऱ्हेचे प्रश्न निघतात. ‘सिंधू ही आदर्श पत्नी आहे’ हे विधान देऊन चर्चा मागणारा एक. दुसरा, सिंधूचे पातिव्रत्यच तिच्या नाशाला कारण झाले का, असे विचारणारा. पाठांतरावर विसंबलेला विद्यार्थी दुसरा प्रश्न आला तरी पहिल्याचेच उत्तर लिहून येतो. पाने भरतात, पण गुण पडत नाहीत, कारण विचारलेल्या गोष्टीला त्याने हातच घातलेला नसतो. प्रसंगांवरून तयारी केली असेल तर साहित्य तेच राहते आणि मांडणी बदलते. माहेरची मदत नाकारणे हा प्रसंग घ्या. पहिल्या उत्तरात तो नवऱ्याचा मान जपण्याचा पुरावा म्हणून येतो. दुसऱ्या उत्तरात त्याच प्रसंगाला वेगळा प्रश्न विचारायचा. मदत नाकारल्याने घर सावरले की सुधाकरच्या व्यसनाला आणखी मुभा मिळाली? मृत्यूच्या वेळी तिने सांगितलेले खोटे पहिल्या उत्तरात निष्ठेचा कळस ठरते, तर दुसऱ्यात हे पाहावे लागते की तिने वाचवलेला नवरा त्यानंतर जगतच नाही. म्हणजे तिच्या त्यागाने कोणाचाच जीव वाचत नाही, तरीही सुधाकरला आपल्या अपराधाचे पुरते भान येते ते त्या त्यागामुळेच. हा शेवटचा धागा ज्या उत्तरात येतो ते तपासणाऱ्याच्या नजरेत भरते, कारण तो गाईडात आयता नसतो, प्रसंग शेजारी शेजारी ठेवल्यावरच दिसतो.

प्रत्येक मुख्य पात्रासाठी एक कार्ड किंवा वहीचे एक पान पुरे. त्यावर गुणांची विशेषणे लिहू नयेत. ‘प्रेमळ, सोशिक, निष्ठावान’ ही माळ कोणत्याही नाटकातल्या कोणत्याही नायिकेला घालता येते. त्याऐवजी पात्र काय करते, कोणत्या क्षणी करते आणि त्याचा परिणाम कोणावर होतो, असे चार-पाच प्रसंग क्रमाने लिहावेत. विशेषण मग आपोआप सुचते आणि पाठोपाठ पुरावाही हजर असतो. तळीरामाच्या पानावर त्याचे सुधाकरशी नाते, त्याचा हजरजबाबीपणा, आपली बायको गीता हिच्याशी त्याचे वागणे आणि त्याचा शेवट या चार नोंदी झाल्या की ‘तळीराम खलनायक आहे काय’ या प्रश्नाला दोन्ही बाजूंनी तोंड देता येते. गीता, भगीरथ, शरद ही पात्रे दीर्घोत्तरी प्रश्नापेक्षा टिपेत येण्याचा संभव अधिक. त्यांच्यासाठी पान वेगळे करत बसू नये, पाच-सहा ओळी पुरतात.

आशयावरच्या प्रश्नांत घोटाळा निराळा होतो. विद्यार्थी नाटकाचा विषय सांगतो, नाटकाने त्या विषयाचे काय केले ते सांगत नाही. ‘एकच प्याला’चा विषय दारू हे प्रेक्षकागृहातल्या शेवटच्या रांगेलाही कळते. प्रश्न असा असतो की गडकऱ्यांनी दारूच्या दुष्परिणामांची यादी रंगवली की एका मानी माणसाच्या स्वभावातली फट दाखवली. समीक्षकांमध्ये यावर जुना वाद आहे, आणि म्हणूनच तो प्रश्नपत्रिकेत फिरून फिरून येतो. उत्तर लिहिताना दोन्ही बाजूंचा संहितेतला आधार दाखवावा लागतो. प्रचाराच्या बाजूने रामलालची लांबलचक भाषणे आणि नाटकाचे नावच उभे राहते. शोकांतिकेच्या बाजूने सुधाकरचा मानीपणा येतो, जो त्याला वकिलीत वर नेतो, न्यायालयात अडचणीत आणतो आणि अव्हेर झाल्यावर पुन्हा प्याल्याकडे ढकलतो. एकच गुण तिन्ही ठिकाणी काम करताना दाखवता आला की उत्तराला कणा मिळतो. विनोदाच्या स्थानावरचा प्रश्नही याच रीतीने सोडवता येतो. तळीरामाची मंडळी हसवतात, पण ज्या दारूवर प्रेक्षक हसतो तीच पुढच्या प्रवेशात सिंधूच्या घरात शिरलेली असते. हा विरोध नेमका कोणत्या प्रवेशांच्या जोडीत दिसतो ते लिहिले पाहिजे. नुसते ‘विनोद आणि कारुण्य यांचा सुंदर संगम’ म्हणून भागत नाही.

काही माहिती छोटी असते, पण चुकली तर उत्तराचा रंग उडतो. गडकरी 23 जानेवारी 1919 रोजी सावनेर येथे वारले. गंधर्व नाटक मंडळीने ‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग 20 फेब्रुवारी 1919 रोजी बडोद्यात केला. बालगंधर्व सिंधू होते आणि गणपतराव बोडस सुधाकर. गडकऱ्यांनी हे नाटक रंगभूमीवर पाहिले नाही, आणि त्यातली पदे विठ्ठल सीताराम गुर्जर यांनी लिहिली. साहजिकच या नाटकावरच्या उत्तरात ‘गडकऱ्यांची भावपूर्ण पदरचना’ असे वाक्य घालणारा विद्यार्थी आपण पुस्तकाची प्रस्तावनाही वाचलेली नाही हे स्वतःच कबूल करतो. अशा चार-पाच बाबी वहीच्या पहिल्या पानावर असाव्यात, पण त्यांनी उत्तराची सुरुवात भरून काढू नये. दीर्घोत्तरी प्रश्नात लेखकाच्या चरित्राचा परिच्छेद कोणी मागितलेला नसतो.

अवतरणांचे प्रश्न जमवण्याची रीत थोडी वेगळी आहे. तेच अवतरण पुन्हा येईल या आशेवर राहू नये, कारण संहितेत उचलण्याजोगी वाक्ये भरपूर असतात. त्याऐवजी आलेली अवतरणे कोणाच्या तोंडची होती, कोणाला उद्देशून होती आणि नाटकाच्या कोणत्या वळणावरची होती, हे पाहावे. बहुतेक वेळा ती तीन प्रकारच्या जागांवरून उचललेली आढळतात. पात्र काही ठरवते तो क्षण, स्वगत, आणि ज्या वाक्यात नाटकाचा मुख्य विचार सूत्ररूपाने येतो ती जागा. त्या जागा संहितेत पेन्सिलने खुणावून ठेवल्या की आलेले अवतरण नवे असले तरी त्याच्या आसपासचे कुठलेतरी ओळखीचे निघते.

वक्ता ओळखता न येणे हा या प्रश्नातला मोठा धोका. वक्ता चुकला की प्रसंग चुकतो, प्रसंग चुकला की सगळेच स्पष्टीकरण वाया जाते. गडकऱ्यांच्या बाबतीत भाषा बरीच मदत करते. कोट्या, उलटेपालटे तर्क आणि शास्त्राचा आव आणून केलेला दारूचा गौरव दिसला की बोलणारा तळीराम किंवा त्याच्या मंडळातला कोणीतरी असतो. सिंधूची भाषा घरगुती आणि साधी असते, तिच्या बोलण्यात देवाधर्माचे, मुलाचे, रोजच्या संसाराचे संदर्भ येतात. रामलाल बोलू लागला की वाक्ये लांबतात आणि एका माणसावरून सगळ्या समाजावर जातात. घोटाळा होतो तो रामलाल आणि सुधाकर यांच्यात, कारण दारूविषयी कडवट, अलंकारिक भाषा दोघेही वापरतात. तिथे एक कसोटी उपयोगी पडते. बोलणारा बाहेरून बोलतो आहे की आतून, हे पाहावे. रामलाल व्यसनाचे विश्लेषण करतो, सुधाकर ते भोगलेला माणूस म्हणून बोलतो. ही कसोटी दर वेळी अचूक ठरेलच असे नाही, पण परीक्षेच्या गडबडीत निदान दिशा दाखवते.

स्पष्टीकरणात संदर्भाला दोन-तीन वाक्येच द्यावीत. कोण, कोणाला, कोणत्या प्रसंगी, एवढे त्यात यावे. मग वाक्याचा अर्थ आणि शेवटी ते वाक्य नाटकात कोणते काम करते ते. हा शेवटचा भाग पुष्कळ जण गाळतात आणि त्याऐवजी संपूर्ण कथानक सांगत सुटतात. वेळेचा हिशोब घातला की हे परवडत नाही हे कळते. शंभर गुणांच्या पेपरला तीन तास, म्हणजे 180 मिनिटे असतील, तर एका गुणाला दोन मिनिटांपेक्षा थोडे कमीच येते. पाच गुणांच्या अवतरणाला नऊ मिनिटे आणि पंधरा गुणांच्या दीर्घोत्तरी प्रश्नाला सत्तावीस. त्यातली तीन-चार मिनिटे प्रश्न वाचण्यात आणि मुद्दे जुळवण्यात गेलीच पाहिजेत.

प्रश्नांची वारंवारता मोजताना मात्र हात आखडता घ्यावा. समजा आठ प्रश्नपत्रिकांत सिंधूवर चार वेळा, तळीरामावर तीन वेळा आणि रामलालवर एकदा प्रश्न आला. यावरून सिंधू सोडून चालणार नाही आणि रामलालसाठी टिपेपुरती तयारी पुरेल, इतके म्हणता येते. ‘मागच्या खेपेला सिंधू आली होती, म्हणून यंदा येणार नाही’ असे म्हणता येत नाही. महाविद्यालयाच्या कट्ट्यावर असले अंदाज दर वर्षी छातीठोकपणे सांगितले जातात, पण आठ प्रश्नपत्रिकांच्या आकड्यांत कोणताही पाळीपाळीचा नियम शोधणे म्हणजे चिठ्ठ्या टाकण्यासारखेच आहे. प्रश्नपत्रिका काढणारे बदलतात, तेच राहिले तरी मागची प्रश्नपत्रिका टाळायची की नाही हे त्यांच्या मर्जीवर असते. मोजणीचा खरा उपयोग वेळ कुठे जास्त द्यायचा ते ठरवण्यापुरता. एखादा भाग पूर्ण सोडून द्यायला ती आधार देत नाही.

तयारी झाली की नाही हे तपासण्याची सोपी रीत अशी. वहीतला एक प्रश्न घ्यावा, त्यातले क्रियापद बदलावे आणि पाच मिनिटांत फक्त प्रसंगांची नावे क्रमाने लिहावीत. ‘तळीरामाचे स्वभावचित्रण करा’ याचे ‘तळीरामाशिवाय सुधाकरचा नाश झाला असता काय’ असे करता येईल. नवा क्रम जुन्या उत्तरापेक्षा वेगळा आला नाही तर पाठांतर चालू आहे असे समजावे. अवतरणांसाठी सोबत्याने पुस्तक मधूनच उघडून दोन वाक्ये वाचावीत आणि ऐकणाऱ्याने वक्ता, श्रोता, आधीचा प्रसंग व नंतरचा प्रसंग सांगावा. दहांपैकी चार-पाच ठिकाणी अडखळायला झाले तर आणखी प्रश्न जमवण्यात अर्थ नाही. नाटकच पुन्हा वाचायला हवे, आणि तेही न थांबता, पहिल्या अंकापासून.

एवढे करूनही या वहीचे आयुष्य मर्यादित असते. नेमलेले पुस्तक बदलले की प्रसंगांचा तक्ता आणि पात्रांची पाने रद्दीत जातात, क्रियापदांची यादी तेवढी पुढच्या पुस्तकाला लागू पडते. जुन्या विद्यार्थ्याकडून अशी वही घेणाऱ्याने तिच्यातला पहिला प्रश्न वाचण्याआधी आपल्या वर्षाची नेमलेल्या पुस्तकांची यादी तिच्याशी ताडून पाहावी.